३४ भरायचा, ३५ सोडायचा

मॅडम, मी सोलापुरात बीडीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रीलिमला कॉन्सच्या पेपरात दहा मार्कांचा प्रश्न आला होता: ‘५८ वर्षांची विडी कामगार स्त्री. मिश्री लावते. दिवसातून पाच-सहा वेळा गोड चहा. अ‍ॅमिट्रिप्टिलिन चालू असून तोंड कोरडं पडतं. हिरड्या खाली सरकल्या आहेत. ३४ च्या मानेला गालाच्या बाजूने मऊ, पिवळट-तपकिरी खड्डा, खालची कड हिरडीला टेकलेली. ३५ ला त्याच जागी काळा, चकचकीत, कडक भाग, खड्डा नाही. उपचार, फ्लोराइड आणि फिलिंगचं मटेरियल कारणांसह लिहा.’ मी दोन्ही दातांना कॉम्पोझिट लिहिलं, फ्लोराइडला एपीएफ जेल. दहापैकी तीन मिळाले. कीड कशी लागते ते मला येतं, फ्लोराइडच्या क्रिया पाठ आहेत, मटेरियलचे तक्ते तोंडपाठ आहेत. मग मार्क गेले कुठे?
– शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी

तीन मार्क मिळाले ते बहुतेक तू पाठ केलेल्या मजकुराचे. गेलेले सात या बाईंचे होते. तुझ्या उत्तरातून त्यांचं वय, चहा, मिश्री आणि गोळी काढून टाकली तरी उत्तराचा एक शब्दही बदलला नसता, आणि परीक्षकाला नेमकं तेच खटकलं असणार. दोष एकट्या तुझा नाही. मटेरियल आपण दुसऱ्या वर्षी शिकतो, किडीची प्रक्रिया तिसऱ्या वर्षी ओरल पॅथमध्ये आणि फ्लोराइड शेवटच्या वर्षी पब्लिक हेल्थमध्ये. तीन वह्या, तीन सर. केस मात्र तिन्ही वह्या एकदम उघडायला लावते.

आधी ३५ चं बघू, कारण सापळा तिथेच होता. मुळावरची कीड चालू आहे की थांबली आहे, हे रंगावरून ठरत नाही, कडकपणावरून ठरतं. गोलसर टोकाचा प्रोब अलगद फिरवला आणि पृष्ठभाग मऊ किंवा कातड्यासारखा लागला, तर कीड चालू. कडक, गुळगुळीत, चकचकीत लागला तर थांबलेली, मग तो कितीही काळा असो. मिश्री लावणाऱ्या बाईच्या दातावर तर काळेपणाला काही किंमतच नाही, तंबाखूचा डाग वेगळा असतो आणि थांबलेली कीडही काळी पडते. पूर्व भागातून येणाऱ्या मावशींचे दात बघताना आपली मुलं काळं दिसलं की बर हातात घेतात, हे मी ओपीडीत नेहमी बघते. ३५ ला खड्डा नाही, पृष्ठभाग कडक आहे. तो भरायचा नाही. फ्लोराइड लावायचं, नोंद करायची, पुढच्या तपासणीला पुन्हा प्रोब फिरवून बघायचं. तू तिथे बर चालवलास म्हणजे शरीराने स्वतः दुरुस्त केलेला भाग खणून काढलास. प्रश्नात ‘चकचकीत, कडक’ हे दोन शब्द उगाच टाकलेले नव्हते.

आता ३४ ला कीड का लागली, हे लिहिताना मिलरपासून सुरुवात करून चार वर्तुळं काढू नकोस. त्यापेक्षा स्टीफनचा आलेख काढ. १९४० च्या दशकात स्टीफनने साखरेच्या द्रावणाने चूळ भरायला लावून प्लाकचा पीएच मोजला. चूळ भरल्यावर काही मिनिटांतच पीएच सातच्या आसपासून पाचच्या जवळ किंवा त्याखाली घसरतो आणि मग लाळेच्या मदतीने सावकाश वर येतो. पूर्ववत व्हायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. एवढं सगळ्यांना येतं. बहुतेक जण त्या आलेखावर ५.५ ची एक आडवी रेघ मारून ‘क्रिटिकल पीएच’ लिहितात आणि पुढच्या मुद्द्याला लागतात.

या केसमध्ये ती रेघ चुकीची आहे. ५.५ ही इनॅमलची रेघ. या बाईंची हिरडी खाली गेली आहे, म्हणजे उघडं पडलंय ते सिमेंटम आणि त्याखालचं डेंटिन. डेंटिनचे स्फटिक लहान, त्यात कार्बोनेट जास्त आणि खनिजाचं प्रमाण कमी, त्यामुळे ते सौम्य आम्लातही विरघळतं. त्याची रेघ ६.२ ते ६.७ च्या पट्ट्यात येते. ती आलेखावर मारून बघ. पीएच खाली येताना ही रेघ लवकर ओलांडतो आणि वर येताना उशिरा. एकाच घोट चहाने इनॅमल जेवढा वेळ धोक्यात असतं, त्याच्या कितीतरी जास्त वेळ मूळ धोक्यात राहतं. वाकडी रेघ तीच, आडवी बदलली.

आता त्यात लाळ घाल. क्रिटिकल पीएच हा दगडावर कोरलेला आकडा नाही. दाताभोवतीच्या द्रवात कॅल्शियम आणि फॉस्फेट किती आहे त्यावर तो ठरतो. द्रव त्यांनी भरलेला असेल तर खनिज जागेवर राहतं, कमी पडलं तर दातातून बाहेर येतं. अ‍ॅमिट्रिप्टिलिनमुळे लाळ आटली की आम्ल धुऊन जायला वेळ लागतो, त्याची तीव्रता मारणारा बायकार्बोनेट कमी पडतो आणि खनिजाचा पुरवठाही घटतो. त्यात पाच-सहा वेळा चहा, तोही विड्या वळता वळता घोट-घोट पुरवून प्यायलेला. पीएच वर चढू लागतो न लागतो तोच पुढचा घोट येतो. आलेखात एक खड्डा न काढता असे लागून लागून पाच-सहा खड्डे काढ आणि मुळाच्या रेघेखालचा भाग पेन्सिलने भर. परीक्षकाला एका नजरेत कळेल की मुलीला केस समजली आहे. यासाठी अर्धं पानही लागत नाही.

फ्लोराइडवर तू लिहिलं असशील की हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइटचं फ्लोरअ‍ॅपटाइट होतं, त्याचा क्रिटिकल पीएच ४.५, म्हणून दात टणक होतो. हे खोटं नाही, पण हे मुख्य कारण म्हणून लिहिलं की उत्तर जुनं वाटतं. १९८८ चा शार्कचा प्रयोग लक्षात ठेव. शार्कच्या दाताचं बाहेरचं आवरण जवळजवळ शुद्ध फ्लोरअ‍ॅपटाइटचं असतं. त्याचे तुकडे माणसांच्या तोंडात बसवले आणि वर प्लाक साचू दिला, तर त्यांतूनही खनिज गेलं. माणसाच्या इनॅमलपेक्षा कमी गेलं, पण गेलं. म्हणजे स्फटिकात कोंडलेलं फ्लोराइड एकटं पुरं पडत नाही. खरं काम करतं ते स्फटिकाभोवतीच्या द्रवातलं थोडंसं फ्लोराइड, हल्ला चालू असताना तिथे हजर असलेलं. ते स्फटिकाच्या पृष्ठभागाला चिकटून विरघळणं कमी करतं, आणि पीएच वर येताना कॅल्शियम-फॉस्फेट परत बसण्याचा वेग वाढवतं.

ते तिथे हजर कसं राहतं? पेस्ट किंवा वार्निश लावल्यावर दातावर आणि प्लाकमध्ये कॅल्शियम फ्लोराइडसारखे बारीक कण साचतात. त्यांच्यावर फॉस्फेट आणि प्रथिनांचा लेप असल्याने ते लगेच विरघळत नाहीत, पीएच घसरला की विरघळू लागतात. म्हणजे आम्ल तयार झालं की साठा आपोआप उघडतो. जिवाणूंवरचा परिणाम तिसऱ्या नंबरला लिही: आम्लात फ्लोराइडचं एचएफ होतं, ते पेशीत शिरतं आणि एनोलेज रोखतं. प्रयोगशाळेत हे छान दिसतं, तोंडात त्याचा वाटा किती यावर मतभेद आहेत. हा क्रम उलटा करून जिवाणू पहिल्या नंबरला लिहिणारे बरेच असतात.

यावरून या बाईंचं फ्लोराइड ठरवायचं. दात येण्याआधी पोटातून मिळालेल्या फ्लोराइडचा इथे विषयच नाही. हवंय ते पृष्ठभागावर, वारंवार, आणि आम्ल नसलेलं. एपीएफ जेलमध्ये १.२३ टक्के फ्लोराइड, म्हणजे १२,३०० पीपीएम, आकडा मोठा आहे. पण त्याचा पीएच तीन-साडेतीनच्या आसपास. सहा-साडेसहालाच विरघळू लागणाऱ्या उघड्या मुळावर आणि कोरड्या तोंडात तू ते घालणार? शिवाय त्यातलं आम्ल आणि फ्लोराइड मिळून काच खातात. ग्लास आयोनोमरमधली काच, कॉम्पोझिटमधला काचेचा फिलर, पोर्सिलेनची चकाकी, काहीच सुटत नाही. तुझ्या उत्तरात कॉम्पोझिट आणि एपीएफ शेजारी-शेजारी होते, म्हणजे तुझंच फिलिंग तुझ्याच जेलने खरवडलं जाणार होतं.

त्याऐवजी पाच टक्के सोडियम फ्लोराइडचं वार्निश लिही, म्हणजे २२,६०० पीपीएम, दर तीन महिन्यांनी, ३४ आणि ३५ सकट सगळ्या उघड्या मुळांवर. घरी दिवसातून दोनदा फ्लोराइडची पेस्ट, मिश्री बंद, आणि ब्रश केल्यावर थुंकायचं, पाण्याने खळखळून चूळ भरायची नाही. परदेशी पुस्तकांत अशा पेशंटला ५,००० पीपीएमची पेस्ट असते. आपल्याकडे टूथपेस्टला १,००० पीपीएमची कायदेशीर मर्यादा आहे, म्हणून दवाखान्यातल्या वार्निशवर जास्त भिस्त ठेवावी लागते. हे एक वाक्य लिहिलंस तर पुस्तकाबाहेरचंही माहीत आहे हे दिसतं. गोळी आपण बंद करायची नाही, ज्या डॉक्टरांनी दिली त्यांना चिठ्ठी लिहायची. आणि मिश्रीची सवय दिसली की गालाचा आतला भाग आणि हिरड्या नीट तपासून पांढरे-लाल चट्टे आहेत का ते नोंदवायचं. कॉन्सचा पेपर असला तरी हे सुटलं तर परीक्षक मनातल्या मनात नाराज होतोच.

आता मटेरियल. तक्त्यात कॉम्पोझिटपुढे ‘उत्तम सौंदर्य, उत्तम ताकद’ आणि ग्लास आयोनोमरपुढे ‘कमी ताकद’ असतं, त्यामुळे मुलं कॉम्पोझिट निवडतात. मटेरियल निवडताना पहिला प्रश्न ताकदीचा नसतो, कडेचा असतो: फिलिंगची कड कशावर टेकणार आणि ती जागा मला कोरडी ठेवता येईल का? ३४ ची वरची कड कदाचित इनॅमलवर असेल, खालची सिमेंटम-डेंटिनवर, हिरडीला टेकलेली. कॉम्पोझिटचा भरवशाचा जोड अ‍ॅसिडने एच केलेल्या इनॅमलशी. डेंटिनशी जोड मिळतो, पण तो ओलाव्याला फार नाजूक. हिरडीच्या कडेचा स्राव किंवा रक्ताचा थेंब बाँडवर आला की संपलं. आणि कॉम्पोझिट क्युअर होताना आकारमानाने साधारण दोन-तीन टक्के आकसतं. आकसताना ते घट्ट धरलेल्या इनॅमलच्या कडेकडे ओढलं जातं आणि खालची, मुळावरची कड सुटते. नेमकी तीच कड प्लाक साचणारी आणि लवकर विरघळणारी.

अमाल्गम? ते चिकटत नाही. त्याला जागा धरायला खोली आणि अंडरकट लागतात. मानेवरच्या उथळ खड्ड्यात त्यासाठी निरोगी डेंटिन कापावं लागेल, तेही पल्पच्या जवळ. नाकारण्याचं कारण हे लिही. ‘पारा विषारी’ एवढंच लिहून अमाल्गम बाद करणारी उत्तरं मला आवडत नाहीत.

उरतं ग्लास आयोनोमर. त्याच्या पॉलिअ‍ॅसिडमधले कार्बोक्सिल गट दातातल्या कॅल्शियमशी थेट रासायनिक जोड करतात. वेगळा बाँड लागत नाही आणि थोडा ओलावा त्याला चालतो. त्याचं उष्णतेने होणारं प्रसरण दाताच्या जवळपासचं. ताकद कमी आहे हे खरं, पण दाताच्या मानेवर चावण्याचा थेट भार येत नाही. कडक भाकरी दाढ फोडते, प्रीमोलरची मान नाही. फ्लोराइड सुटण्याचा मुद्दा शेवटी लिही आणि मर्यादेसकट लिही: पहिल्या एक-दोन दिवसांत ते भरपूर सुटतं, मग झपाट्याने कमी होतं. पुढे पेस्ट-वार्निशमधून थोडं भरून घेतं आणि परत सोडतं. फक्त ‘फ्लोराइड सोडतं म्हणून’ ग्लास आयोनोमर निवडणं हे अर्धं उत्तर आहे.

साधं की रेझिन-मॉडिफाइड? कोरड्या तोंडात, प्लाकच्या आम्लात साधं ग्लास आयोनोमर हळूहळू झिजतं. रेझिन-मॉडिफाइड लाइटने लगेच पक्कं होतं आणि सुरुवातीच्या पाण्याच्या त्रासातून वाचतं. माझी निवड इथे रेझिन-मॉडिफाइड. साधं लिहिलंस तरी मार्क जाणार नाहीत, मात्र झीज होईल आणि तपासणी ठेवू हे लिहायला हवं. रेडिएशननंतर तोंड कोरडं पडलेल्या पेशंटवरच्या अभ्यासांत एक गोष्ट दिसली होती. जे घरी फ्लोराइड नियमित लावत नव्हते, त्यांच्यात ग्लास आयोनोमर झिजलं, पण कडेला नवी कीड कमी लागली. कॉम्पोझिट मात्र दिसायला शाबूत राहिलं आणि त्याच्या कडेने कीड आत गेली. झिजलेलं फिलिंग परत भरता येतं.

कृती विचारली तर ती या दातावरची लिही, सर्वसाधारण नको. कापसाचे रोल, हिरडीत बारीक कॉर्ड. मऊ, ओलसर, लगद्यासारखं डेंटिन स्पून एक्सकॅव्हेटरने काढायचं. कडा कडक लागेपर्यंत साफ, पल्पच्या बाजूला घट्ट लागलं की थांबायचं. संसर्ग झालेलं डेंटिन जातं, नुसतं खनिज गमावलेलं राहतं, कारण त्यातली कोलॅजनची जाळी शाबूत असते आणि तिच्यावर खनिज परत बसू शकतं. मग दहा टक्के पॉलिअ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिड दहा ते वीस सेकंद, धुवायचं, कापसाने टिपायचं. हवेने खडखडीत वाळवायचं नाही, पृष्ठभाग ओलसर चमकला पाहिजे. हा क्रम साध्या ग्लास आयोनोमरचा. रेझिन-मॉडिफाइडमध्ये कंपनीचा प्रायमर असेल तर तो त्याच्या जागी येतो.

पॅडवर पावडर-लिक्विड कालवलं की मिश्रणाला ओली चकाकी असते. ती चकाकी आहे तोवरच ते दातात गेलं पाहिजे. चकाकी म्हणजे कार्बोक्सिल गट अजून मोकळे आहेत आणि दाताला धरू शकतात. मिश्रण मळकट दिसू लागलं, ओढल्यावर तार तुटू लागली, तर ते गट पावडरच्या काचेशी गुंतले, आता दाताला चिकटायला काही उरलं नाही. असं मिश्रण दाबून बसवलं तर ते बसतं, पॉलिशही होतं, आणि काही दिवसांत मावशी हातात फिलिंग घेऊन येतात. टाकून द्यायचं, नवं कालवायचं. साधं ग्लास आयोनोमर असेल तर मॅट्रिक्स काढल्याबरोबर वार्निश किंवा व्हॅसलीनचा थर द्यायचा आणि शेवटचं फिनिशिंग चोवीस तासांनी. आधी पाणी लागलं तर पृष्ठभाग खडूसारखा पांढुरका होतो, वाळलं तर बारीक भेगा पडतात. व्हायव्हात ‘फिलिंग का निकामी झालं’ असा फोटो दाखवला तर या दोन खुणा वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

आता हीच केस उलटी करून बघ. एकोणीस वर्षांचा मुलगा, लाळ भरपूर, ३६ च्या वरच्या खाचेत छोटं भोक, एक्स-रेमध्ये डेंटिनपर्यंत सावली. खाचेतल्या किडीचा पाया इनॅमल-डेंटिनच्या सांध्याला असतो, म्हणून वरून भोक लहान आणि आत पोकळी मोठी. कड सगळीकडून इनॅमलवर, रबर डॅम लागतो, भार मात्र थेट चावण्याचा. इथे ग्लास आयोनोमर लिहिलंस तर मी मार्क कापीन. इथे कॉम्पोझिट, दोन मिलिमीटरच्या थरांनी, कारण खाचेच्या खड्ड्यात पाच भिंतींना चिकटून ते आकसतं आणि ताण सर्वांत जास्त येतो. तुझ्या पेपरातलं कॉम्पोझिट या मुलासाठी बरोबर होतं.

दहा मार्कांची वाटणी मी तपासत असते तर अशी केली असती: ३५ न भरण्याला दोन, मुळाची रेघ दाखवणाऱ्या आलेखाला दोन, वार्निश आणि एपीएफ नाकारण्याचं कारण याला दोन, मटेरियल निवडून बाकीची दोन का नाही याला तीन, मिश्री आणि गालाच्या तपासणीला एक. दोन पानांत हे बसतं. मिलर, कीज आणि किडीच्या व्याख्येला या प्रश्नात मी शून्य दिला असता.